थंडीतले ठोकळे

ठेकेदाराचं आणि माझं पहिल्या दिवसापासूनच बिनसलं. भांडण जमिनीचं नव्हतं, जातीचं नव्हतं. माझ्या सामानात सहा लोखंडी साचे होते, त्यांच्यावरून झालं.

मी नागपूरला ओव्हरसियरची पदविका घेतली आणि चांदा जिल्ह्यात नेमणूक झाली. गडचिरोली तेव्हा चांद्याचीच तहसील होती. नुकतंच राज्य बदललं होतं, आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो, आणि कचेरीत कुठला कागद कुणाकडे जायचा हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मला गोंडपिपरीच्या पुढं, जंगलातल्या एका नदीवर पाठवलं. तिथं तीन गाळ्यांचा सिमेंट काँक्रीटचा पूल चालला होता. दगडी खांब उभे झाले होते. आता त्यांच्यावर एकेक गाळ्याची स्लॅब टाकायची होती, आणि पावसाच्या आधी रस्ता सुरू करायचा होता.

ठेकेदार पन्नाशीचा, ठेंगणा, पांढरं धोतर आणि काळा कोट घालणारा माणूस होता. जंगलातल्या लाकडाचे ठेके घेऊन वर आलेला. पुलाचा ठेका त्याचा पहिलाच, पण माणसं हाताळायची त्याला जुनी सवय होती. माझ्या आधी इथं असलेला ओव्हरसियर त्याच्याकडंच जेवायचा, त्याच्याच ट्रकनं चांद्याला जायचा. मी आलो आणि नदीकाठच्या कुडाच्या झोपडीत वेगळी चूल मांडली. पहिला राग तिथूनच.

दुसरा राग साच्यांचा. सहा इंच लांब, रुंद, उंच अशा लोखंडी पेट्या होत्या त्या, बोल्ट लावून जोडलेल्या. ज्या काँक्रीटची स्लॅब पडते त्याच काँक्रीटनं या भरायच्या, ठोकळे करायचे, आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवून यंत्राखाली फोडायचे. किती दाबाला फुटतात त्यावरून माल कसा आहे ते कळतं. तीन ठोकळे सात दिवसांनी फोडायचे, तीन अठ्ठावीस दिवसांनी.

पहिल्या गाळ्याची स्लॅब आम्ही ऐन थंडीत टाकली. सकाळी नदीवर इतकं धुकं होतं, की पलीकडच्या काठावरची मिक्सर मशीन नुसती ऐकू येत होती. बायका घमेली घेऊन फळ्यांच्या वाटेनं वर चढत होत्या. काम निम्म्यावर आलं, तेव्हा मी साचे तेल लावून तयार ठेवले. ठेकेदार माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"साहेब, तुमच्या डब्यांसाठी मिस्त्री वेगळा माल कालवून देते," तो म्हणाला. "मस्त घट्ट. तुमचं काम बी चांगलं दिसन, आमचं बी."

"स्लॅबमध्ये जो पडून राह्यला, तोच घेईन."

"सगळेच वेगळा घेतात, साहेब."

"सगळ्यांचं मला माहीत नाही."

मी फळीवर चढलो, स्लॅबवर ओतायला आणलेल्या घमेल्यांपैकी मधली दोन-तीन उतरवून घेतली आणि त्यांतला माल पुन्हा एकत्र कालवला. साचे तीन थरांत भरले. प्रत्येक थर लोखंडी सळीनं पस्तीस ठोके देऊन दाबला, म्हणजे आत हवा राहत नाही. कोपऱ्यांत हवा राहिली तर ठोकळा हलक्या दाबाला फुटतो आणि चांगल्या मालाची बदनामी होते. वरचं तोंड थापीनं सारखं केलं. ते तोंड कितीही केलं तरी बाजूंइतकं सपाट नसतं, म्हणून प्रयोगशाळेत ठोकळा आडवा करून दाबतात. मी साच्यांवर ओलं गोणपाट टाकलं.

हे सगळं होईपर्यंत ठेकेदार तिथंच उभा होता. हात मागं बांधून. बघणाऱ्या मजुरांना त्यानं एकेकाला नावं घेऊन कामाला पिटाळलं, आणि त्या आवाजातलं जे काही होतं ते माझ्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी साचे उघडून ठोकळे काढले, प्रत्येकावर रंगानं खूण केली आणि माझ्या झोपडीमागच्या लोखंडी टाकीत, नदीच्या पाण्यात बुडवून ठेवले. स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून पाणी भरलं, कडांना भाताची तणस अंथरली. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी सिमेंटचं जे चालतं त्यानं ते घट्ट होतं, म्हणून त्याला ओलं ठेवावं लागतं. हे काम दोन बायका करायच्या, जवळच्या ढिवरांच्या वस्तीवरच्या. त्यातली थोरली बाई चाळिशीची होती. तिचा नवरा नदीत जाळं टाकायचा.

पाचव्या दिवशी तीन ठोकळे ओल्या वाळूत बांधून, खोक्यात घालून ट्रकनं चांद्याला आणि तिथून रेल्वेनं नागपूरला पाठवले. सातव्या दिवशी ते फुटले. त्यानंतर दोन दिवसांनी निकाल माझ्या हातात पडला.

आमच्या मालाला अठ्ठावीस दिवसांनी दर चौरस इंचाला साडेबावीसशे पौंड दाब सोसायला हवा होता. सात दिवसांनी साधारण त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे पंधराशे. तिन्ही ठोकळे अकराशेच्या आसपास फुटले होते. तिघांत फारसा फरक नव्हता, म्हणजे एखादाच ठोकळा बिघडला असंही म्हणता येत नव्हतं.

मी ठेकेदाराला निकाल सांगितला. तो स्लॅबखाली उभा होता, लाकडी बल्ल्यांच्या रांगांमध्ये. या बल्ल्यांचा आणि वरच्या फळ्यांचा सांगाडा, ज्याला आम्ही सेंटरिंग म्हणायचो, ओल्या स्लॅबचं ओझं धरून ठेवतो. स्लॅब स्वतःचं वजन पेलायला लागली की तो काढायचा. ठेकेदाराकडे एकाच गाळ्यापुरती सेंटरिंग होती. पहिल्या गाळ्याखालून निघाली, की दुसऱ्याला लागणार होती. नेहमीच्या हवेत एवढ्या गाळ्याखालून पंधरवड्यानं ती काढता येते, आणि त्यानं तसाच हिशेब धरला होता.

"पंधरवड्यानं निघणार नाही," मी म्हणालो. "अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे फुटेपर्यंत थांबावं लागेल."

"काऊन?"

"सात दिवसांचा जोर कमी आलाय. जोर कसा वाढून राह्यला हे कळल्याशिवाय खालचा आधार मी काढू देणार नाही."

"माल खराब हाय म्हणता?"

"तसं म्हणत नाही. सात दिवसांच्या निकालावरून माल नापास होत नाही. तो अठ्ठावीसच्या निकालावर होतो. सातचा फक्त अंदाज देतो."

"अंदाजावर माझं काम बंद करता?"

"सेंटरिंग काढणं बंद. बाकीचं करा."

"बाकीचं काय हाय?" तो म्हणाला, आणि बल्लीवर पायातला जोडा आपटला. "वेगळा माल घेतला असता तर हे झालं असतं काय? तुमाले माझं वाटोळंच करायचं होतं. पहिल्या दिवशीच मले समजलं."

दुसऱ्या दिवसापासून त्याची माणसं माझ्याशी बोलेनाशी झाली. मुकादमानं मजुरांना सांगितलं की काम साहेबामुळं बंद आहे आणि साहेब म्हणेल तेव्हा सुरू होईल. ते खोटंही नव्हतं. पुलावर सत्तर-ऐंशी माणसं होती, मूल गावाकडची, सिरोंच्याच्या बाजूची, काही जंगलातल्या गोंडांच्या गावांतली. त्यांतल्या बहुतेकांची हजेरी बंद झाली. काही घरी गेली. जी राहिली ती दिवसभर पुलाच्या तोंडाशी बसायची, आणि मी गेलो की पलीकडं तोंड फिरवायची. माझं सामान आणणारा ट्रकवाला आता जागा नाही म्हणायचा. स्वयंपाकाला ठेवलेला माणूस एका सकाळी आलाच नाही. दुकानात तेल मागितलं की संपलं असायचं, माझ्या मागून येणाऱ्याला मिळायचं.

मला वाईट वाटलं का? राग आला. माझ्याहून मोठी माणसं मला मूर्ख समजत होती आणि मला खात्रीनं दाखवता येत नव्हतं की मी मूर्ख नाही. निकालाचा कागद माझ्याकडे होता, पण त्या कागदावर स्लॅब पडेल असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी रोज वर जाऊन पाण्याचे बांध बघायचो आणि खाली येऊन टाकीतले उरलेले तीन ठोकळे बघायचो. बघून काय कळणार होतं?

एका सकाळी टाकी आडवी पडलेली दिसली. पाणी सगळं मातीत गेलं होतं. तीनही ठोकळे उतारावर पडले होते, अजून ओले, म्हणजे फार वेळ झाला नव्हता. एकाचा कोपरा दगडावर आपटून तुटला होता. कोपरा गेलेला ठोकळा यंत्रात खरा आकडा देत नाही. मी दोन चांगले उचलून टाकी भरून परत बुडवले, तुटलेला वेगळा ठेवला आणि जे घडलं ते तसंच उपविभागाच्या साहेबांना लिहून कळवलं. टाकी कुणी पाडली हे मला आजवर माहीत नाही. ठेकेदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "जंगल हाय साहेब. रानडुक्कर येते."

"रानडुकराला भरलेली टाकी उलटवता येते?"

"तुमाले माह्यावर नालीस कराची असन तर करा."

मी टाकी उचलून झोपडीच्या दारासमोर आणली. तिथून पुढं बाज बाहेर टाकून तिच्याशेजारीच झोपायचो. थंडी कडक होती.

पंधरवडा उलटला तशी ठेकेदारानं पाणी घालणाऱ्या बायकांची हजेरी कापली. ठरलेली मुदत झाली, पुढचं पाणी माझ्याकडं नाही, असं त्यानं मुकादमाच्या तोंडून कळवलं. थंडीत जोर हळू चढत असेल, तर स्लॅबला आणखी दिवस ओलं ठेवणं हाच एक उपाय माझ्या हातात होता. मी दोघींना खात्याच्या मस्टरवर घेतलं. बाकीच्यांची हजेरी बंद आणि या दोघींची चालू, याचा अर्थ लोकांनी आपल्या परीनं लावला. थोरली बाई दोन दिवसांनी घागर घेऊन माझ्यासमोर थांबली.

"साहेब, लोकं मले काय काय बोलून राह्यले, तुमाले माहीत हाय काय?"

"काय बोलतात?"

"ते मी तोंडानं नाई सांगत. माह्या देराचं काम बंद अन् माह्यं चालू. घरात सासू बोलत नाई माह्याशी. तुमच्या या दगडाले पाणी पाजता पाजता माह्यं गावात पाणी बंद होईन."

"नको असेल तर सोडा बाई. मी दुसरं कुणी बघतो."

"सोडलं तं खाऊ काय?" ती म्हणाली. "मी सोडून नाई राह्यली. तुमाले सांगून राह्यली, का तुमच्यामुळं मले किती भोगा लागते. तुमाले माहीत असू द्या."

ती वर गेली आणि पाणी ओतलं. त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी ती कामापुरतंही बोलली नाही. पाणी मात्र एक दिवस चुकलं नाही.

मग उपविभागाचे साहेब जीपनं आले. ठेकेदारानं चांद्याला जाऊन त्यांच्या कानावर सगळं घातलं होतं. साहेब हुशार होते, वयानं माझ्या वडिलांएवढे, आणि पूल पावसाआधी झाला नाही तर त्यांना वरून ऐकून घ्यावं लागणार होतं. त्यांनी आधी टाकी बघितली. पाण्यात बोट घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"हे पाणी केवढं गार आहे. ठोकळे तुम्ही पहिले काही दिवस याच पाण्यात ठेवले?"

"हो साहेब. तेव्हा टाकी मागं होती, झाडाखाली."

"म्हणजे सावलीत, आणखी गार. प्रयोगशाळेत ऊबदार पाण्यात ठेवतात. सिमेंटला ऊब लागते. थंडीत ते सावकाश घट्ट होतं. तुमचा निकाल कमी येणारच. ही काही ठेकेदाराच्या मालाची परीक्षा झाली नाही, ही तुमच्या टाकीची परीक्षा झाली."

ठेकेदार शेजारी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं.

साहेबांचं म्हणणं बरोबर होतं. मी दोन दिवस हाच विचार करत होतो, त्यामुळं उत्तर तोंडावर आलं.

"साहेब, ठोकळे गार पाण्यात होते, तशी स्लॅबही गारठ्यात होती. नदीवर, उघड्यावर. ठोकळ्यांना ऊब मिळाली असती तर त्यांचा आकडा चांगला आला असता, पण स्लॅबला ती मिळाली नाही. मला माल चांगला की वाईट हे ठरवायचं नाही. आज वरची स्लॅब स्वतःला पेलेल का, एवढंच बघायचंय. त्यासाठी गार ठोकळेच खरे."

साहेबांनी ओलं बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाले, "तुम्ही मला शिकवताय?"

"नाही साहेब."

"पंधरवडा होऊन गेलाय. पंधरवड्यात सगळीकडे सेंटरिंग काढतात."

"नेहमीच्या हवेत काढतात."

"माझी हरकत नाही," साहेब ठेकेदाराकडे वळून म्हणाले. "काढायचं तर काढा."

"साहेब, तसं लेखी द्याल तर मी आजच काढून घेतो," मी म्हणालो.

"लेखी?" त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "तुमची नोकरी किती महिन्यांची आहे? मी तोंडानं सांगितलेलं तुम्हाला पुरत नाही?"

साहेब जीपमध्ये बसले. लेखी काही दिलं नाही. जाताना मला एवढंच म्हणाले, "असं वागून तुम्ही या खात्यात फार दिवस काढणार नाही."

जीप झाडीआड गेली आणि ठेकेदारानं मिस्त्रीला हाक मारली. मिस्त्री तेलंगणाकडचा होता, पण वीस वर्षं इकडं काढलेली. सेंटरिंग बांधणं, उतरवणं सगळं त्याच्या हाताखाली. पहिल्या दिवसापासून तो माझ्यावर खार खाऊन होता. मी त्याच्या गवंड्यांच्या मालात पाणी जास्त पडतं म्हणून दोनदा बोललो होतो, तेही सगळ्यांसमोर.

"पाचरी काढ," ठेकेदार म्हणाला. बल्ल्यांच्या बुडाशी लाकडी पाचरी ठोकलेल्या असतात. त्या सैल केल्या की बल्ली सुटते. "साहेबानं सांगतलं. आत्ता ऐकलं नं तू?"

मिस्त्रीनं स्लॅबकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हणालो, "मी परवानगी दिलेली नाही."

"तुमची परवानगी कोण मागून राह्यलं?" ठेकेदार म्हणाला. "मिस्त्री, काढ म्हणलं तं काढ."

मिस्त्री तिथंच उकिडवा बसला आणि बिडी पेटवली.

"मी नाई काढत, शेठ."

"काऊन? तू बी याच्याच बाजूचा झाला?"

"याच्या बाजूचा काऊन होऊ?" मिस्त्री म्हणाला. माझ्याकडं न बघता, जसा मी तिथं नव्हतोच. "हा माणूस मले चोर म्हणते चार लोकांत. पण साहेब जीपनं आला, जीपनं गेला. तुमी वर उभे राहान. पाचर काढाले खाली मी असतो अन् माह्यी पोरं. आकडा कमी आला म्हणतात तं तुमी तुमच्या हातानं काढा. मी नाई."

ठेकेदारानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढला. मिस्त्री उठला, बिडी विझवली आणि हत्यारं गोळा करायला गेला. दुसरं कुणी पाचरीला हात लावायला तयार झालं नाही. संध्याकाळपर्यंत ठेकेदारानं मिस्त्रीला परत बोलावलं, कारण त्याच्याशिवाय दुसऱ्या गाळ्याची सेंटरिंग बांधणारा त्या भागात कुणी नव्हता. माझं काम झालं होतं, पण मिस्त्रीचे आभार मानावेत असं मला वाटलं नाही आणि त्यालाही ते नको होते. दुसऱ्या दिवशी वाटेत भेटला तेव्हा तो माझ्या पायाशी थुंकून पुढं गेला.

उरलेले दिवस तसेच गेले. रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी बसलेली माणसं, तोंडं फिरवलेली. दुपारी बायका पाणी ओतायच्या. ठेकेदार रोज एकदा येऊन स्लॅबखाली फिरायचा, आणि माझ्या झोपडीसमोरून जाताना थांबून मोठ्यानं विचारायचा, "साहेब, तुमचे अंडे उबले का नाई?" आधी माझी टाकी फार गार होती म्हणे. आता मी दारासमोर आणून शेकोटीनं पाणी तापवतो, असं तो लोकांना सांगत होता. शेकोटी मी लांब पेटवायचो, पण ते कुणाला सांगणार?

दोन ठोकळे मी स्वतः नागपूरला घेऊन गेलो. ट्रक मिळाला नाही म्हणून गोंडपिपरीपर्यंत बैलगाडीनं गेलो, मांडीजवळ खोकं धरून. पुढं मोटार आणि मग रेल्वे. अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राजवळ उभा राहिलो. पहिला ठोकळा आडवा करून ठेवला, वरची पाटी खाली आली, काटा चढायला लागला. पंधराशे ओलांडले. दोन हजार ओलांडले. काटा साडेबावीसशेच्या पुढं गेला आणि मग बाजूंची ढलपी सुटून ठोकळा फुटला. तेविसशेच्या वर. दुसरा जवळजवळ चोविसशेला फुटला. मशीनवरच्या माणसानं विचारलं, "तिसरा कुठं आहे?" मी सांगितलं, पडून फुटला. दोनच असल्यामुळं त्यानं तसा शेरा मारला, पण आकडे जवळजवळ होते आणि दोन्ही पास होते.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. माल चांगला होता. ठेकेदारानं काही चोरलं नव्हतं. थंडीनं उशीर केला होता, एवढंच. मला आनंद व्हायला हवा होता, कारण स्लॅब वाचली होती. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तो काय काय बोलेल.

तो बोललाच. पुलावर परतून मी निकाल सांगितला, तेव्हा मुकादम, मिस्त्री, मजूर सगळे जमले होते.

"म्हणजे माह्या मालात खोट नव्हती," ठेकेदार म्हणाला.

"नव्हती."

"मंग हे तुमी तेव्हाच काऊन नाई बोलले?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनच थांबलो."

"माहीत नव्हतं," त्यानं लोकांकडं वळून पुन्हा म्हटलं. "ऐकलं काय? याले माहीत नव्हतं. म्हणून तुमी सगळे बसले घरी."

मी सांगायचा प्रयत्न केला. आज साडेबावीसशेच्या वर आला याचा अर्थ पंधराव्या दिवशी तेवढा होता असा नाही. तेव्हा तो दोन-तृतीयांश असेल, नसेल. कदाचित स्लॅब तेव्हाही उभी राहिली असती. कदाचित मधोमध खाली झुकली असती, आणि पाचर काढणाऱ्याच्या अंगावर आली असती. अर्धं बोलून झालं तोवर लोक उठून जाऊ लागले होते. थोरली बाई तेवढी थांबली होती, घागर कमरेवर घेऊन. तिनं विचारलं, "आता पाणी बंद?" मी हो म्हणालो. ती गेली.

पाचरी मिस्त्रीनंच काढल्या, मधल्या रांगेपासून कडेकडे, हळूहळू. मी स्लॅबखाली उभा होतो. कुणी मला उभं राहायला सांगितलं नव्हतं आणि कुणी हटकलंही नाही. शेवटची बल्ली निघाली तेव्हा काहीच झालं नाही. स्लॅबच्या पोटाला हात लावून पाहिला, भेग नव्हती.

दुसऱ्या गाळ्याची स्लॅब फाल्गुनात टाकली. तेच सिमेंट, तीच नदीची वाळू, तीच गिट्टी, तोच मिस्त्री. दुपारी अंगाची लाही होत होती आणि टाकीतलं पाणी कोमट असायचं. मी तसेच मधल्या घमेल्यांतले ठोकळे घेतले, आणि यावेळी ठेकेदार जवळ आलाच नाही. सात दिवसांचा निकाल सोळाशेच्या पुढं आला. ठेकेदार कागद हातात धरून माझ्या दारात उभा राहिला. भांडायची पूर्ण तयारी करून आला होता.

"आता काय म्हणता? आता बी अठ्ठावीस?"

"नाही. पंधरवड्यानं काढा. अठ्ठावीसचे ठोकळे तरी फोडीनच."

त्यानं कागदाची घडी केली, पुन्हा उलगडली. त्याला माझ्याकडून नकार हवा होता असं मला वाटलं.

"याच मालाले तुमी महिना थांबवलं होतं," तो म्हणाला.

"याच मालाला. हवा वेगळी होती."

"माह्यं नुसकान कोण भरून देईन?"

तो कागद माझ्या बाजेवर टाकून गेला.

तिसरा गाळा माझ्यासमोर झाला नाही. बदलीचा हुकूम आला, पार सिरोंच्याच्या बाजूला. साहेबांनी काढलेला असणार, पण त्यात कारण लिहिलेलं नसतं. जायच्या दिवशी ठेकेदाराचा रिकामा ट्रक चांद्याला निघाला होता. मलाही आधी चांद्याच्या कचेरीतच जायचं होतं, म्हणून रस्त्याच्या कडेला पेटी आणि वळकटी घेऊन उभा होतो. ड्रायव्हरनं वेग कमी केला, शेजारी बसलेल्या ठेकेदाराकडं पाहिलं आणि पुन्हा वाढवला. धूळ खाली बसायला वेळ लागला. मग मी बैलगाडीवाल्याच्या घराकडं चालत गेलो.